आत्याचा नवरा कोण? नातेवाचक शब्दांचे घटक-विश्लेषण

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने एका कन्नड कथेचा मराठी अनुवाद मला तपासायला दिला. कथा शेतीच्या वाटणीची होती. वडील वारल्यावर मुलगा आपला वाटा मागतो आणि घराच्या किल्ल्या कमरेला लावून बसलेली ‘चिक्कम्म’ त्याला दाद देत नाही. विद्यार्थिनीने ‘चिक्कम्म’चा अनुवाद ‘मावशी’ असा केला होता. शब्दकोशाप्रमाणे तो चूक नव्हता. आईच्या धाकट्या बहिणीला कन्नडमध्ये चिक्कम्म म्हणतातच. परंतु अनुवाद वाचणाऱ्याला पहिल्या पानावरच प्रश्न पडला असता: आईकडची बाई वडिलांच्या घरात किल्ल्या घेऊन कशी बसली, आणि शेतीच्या वाटणीत तिचा संबंध काय?

मूळ कथेतली चिक्कम्म वडिलांच्या धाकट्या भावाची बायको होती. मराठीत ती काकू. कन्नड वाचकाला एकच शब्द दोन्ही बायकांसाठी चालतो, कारण त्या दोघींमध्ये त्याची भाषा एक साम्य पाहते. ते साम्य मराठी पाहत नाही. दोन भाषा नात्यांचा एकच पट वेगवेगळ्या रेषांवर कशा कापतात, हे नेमकेपणाने मांडण्याची एक रीत भाषाशास्त्रात आहे. तिला घटक-विश्लेषण म्हणतात. आईवडिलांची भावंडे आणि त्या भावंडांचे जोडीदार एवढ्याच आठ माणसांपुरती ही रीत येथे चालवून पाहू.

रीत

नातेवाचक शब्द कोणकोणत्या निकषांवर माणसे वेगळी करतात, याची यादी ए. एल. क्रोबर यांनी 1909 मध्ये केली होती. पिढी, व्यक्तीचे लिंग, वयाचा थोरलेधाकटेपणा, रक्ताचे नाते की लग्नाचे, नाते ज्या व्यक्तीमार्फत जुळते तिचे लिंग, असे आठ निकष त्यांनी सांगितले. त्यावरून पद्धतशीर विश्लेषणाची रीत 1956 मध्ये घडली. ‘लँग्वेज’ या नियतकालिकात त्या वर्षी वॉर्ड गुडइनफ आणि फ्लॉइड लाउन्सबरी या दोघांचे स्वतंत्र लेख आले.

या रीतीच्या पायऱ्या साध्या आहेत. आधी क्षेत्र ठरवायचे, म्हणजे कोणत्या शब्दांचा विचार करायचा ते. मग प्रत्येक शब्द कोणाकोणाला लागू होतो ते ‘वडिलांचा भाऊ’, ‘आईच्या बहिणीचा नवरा’ अशा सुट्या जोडांनी लिहायचे. त्यानंतर ज्या निकषांवर हे शब्द एकमेकांपासून वेगळे होतात ते शोधायचे; या निकषांना परिमाणे म्हणू. शेवटी प्रत्येक शब्दाची व्याख्या त्या परिमाणांवरच्या मूल्यांनी करायची. व्याख्या बरोबर आहेत की नाहीत याची कसोटी दुहेरी असते. शब्द ज्यांना लागू होतो ती सगळी माणसे व्याख्येत बसली पाहिजेत, आणि दुसरे कोणीही बसता कामा नये.

आईवडिलांच्या भावंडांपासून सुरुवात करू. मराठीत येथे चार शब्द आहेत: वडिलांचा भाऊ तो काका, वडिलांची बहीण ती आत्या, आईचा भाऊ तो मामा, आईची बहीण ती मावशी. दोन परिमाणे पुरतात. एक, ती व्यक्ती पुरुष की स्त्री. आणि दुसरे, नाते कोणाकडून आले, वडिलांकडून की आईकडून. या दुसऱ्याला ‘बाजू’ म्हणू. काका म्हणजे पुरुष आणि वडिलांची बाजू. मावशी म्हणजे स्त्री आणि आईची बाजू. चार घरे, चार शब्द, एकही घर रिकामे नाही.

हिंदीत हीच चार घरे आहेत, पण एक घर पुन्हा दुभंगलेले आहे. वडिलांचा थोरला भाऊ ताऊ आणि धाकटा चाचा. म्हणजे वय हे तिसरे परिमाण आले, मात्र ते एकाच घरापुरते. बुआ, मामा आणि मौसी यांना थोरलेधाकटेपणाचा स्पर्श नाही. मराठीतही आपण ‘थोरले काका’, ‘धाकटे काका’ म्हणतो, मग मराठीतही वय हे परिमाण धरायचे का? येथे एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. मराठीत ‘थोरले’ काढून टाकले तरी ‘काका’ हा शब्द उरतो आणि दोघांनाही लागू पडतो. हिंदीत ताऊला नुसते चाचा म्हणणे ही चूक ठरते. जे काढल्यावर शब्द चुकीचा ठरत नाही ते विशेषण, आणि जे बदलल्यावर शब्दच बदलतो ते परिमाण.

इंग्रजीत उलट प्रकार आहे. अंकल आणि आंट यांत फक्त व्यक्तीचे लिंग उरते, बाजू पुसली जाते. ही इंग्रजीची मूळ प्रकृती नव्हे. जुन्या इंग्रजीत या चार व्यक्तींना चार वेगळे शब्द होते. लॅटिनमध्येही होते: पात्रुउस, अमिता, आव्हुन्कुलुस, मातेर्तेरा, म्हणजे अनुक्रमे काका, आत्या, मामा, मावशी. यांतला मामा आणि आत्या हे दोनच फ्रेंचमध्ये टिकले, आणि नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमार्गे अंकल आणि आंट होऊन इंग्रजीत उतरले. मामाचा शब्द सगळ्या पुरुषांना आणि आत्याचा शब्द सगळ्या स्त्रियांना लागू झाला. शब्द राहतात आणि त्यांच्यातले एखादे परिमाण गळून पडते, हे यातून दिसते. पुढे मराठीबद्दल बोलताना ही गोष्ट उपयोगी पडेल.

कन्नडचा पेच

आता कन्नड. उत्तर कर्नाटकाच्या बोलीत काका, मावशी यांसारखे मराठीशी मिळतेजुळते शब्दही कानावर पडतात, म्हणून येथे मी लेखी, प्रमाण कन्नडचेच शब्द घेतो. विश्लेषण करताना कोणती बोली समोर आहे हे आधी ठरवले नाही तर दोन व्यवस्था एकाच तक्त्यात मिसळतात आणि नसलेले अपवाद दिसू लागतात.

प्रमाण कन्नडमध्ये वडिलांचा भाऊ वयाप्रमाणे दोड्डप्प किंवा चिक्कप्प, म्हणजे शब्दशः मोठा बाप आणि लहान बाप. आईची बहीण दोड्डम्म किंवा चिक्कम्म, मोठी आई आणि लहान आई. वडिलांची बहीण अत्ते किंवा सोदरत्ते. आईचा भाऊ माव किंवा सोदरमाव. वय बाजूला ठेवले तर येथेही चारच घरे उरतात. मग मराठीची दोन परिमाणे, लिंग आणि बाजू, येथेही चालवली तर? चालतात. चारही शब्दांच्या व्याख्या बिनचूक होतात.

परंतु आणखीही एक जोडी तितकीच बिनचूक चालते. बाजूऐवजी असे विचारा: जिच्यामार्फत नाते आले ती व्यक्ती आणि ही व्यक्ती एकाच लिंगाच्या आहेत की वेगळ्या? वडील आणि त्यांचा भाऊ एकाच लिंगाचे. आई आणि तिची बहीण एकाच लिंगाच्या. ही नाती समांतर. वडील आणि त्यांची बहीण, आई आणि तिचा भाऊ, येथे लिंग बदलते. ही नाती तिर्यक. आता दोड्डप्प-चिक्कप्प म्हणजे समांतर पुरुष, दोड्डम्म-चिक्कम्म म्हणजे समांतर स्त्री, माव म्हणजे तिर्यक पुरुष आणि अत्ते म्हणजे तिर्यक स्त्री. याही रीतीने चार घरे पूर्ण भरतात. इतकेच नव्हे, मराठीच्या चार शब्दांनाही ही दुसरी जोडी तंतोतंत लागू पडते.

हा या रीतीतला खरा धोका आहे. तक्ता जुळला म्हणजे बोलणाऱ्याच्या मनातली विभागणी सापडली, असे वाटते. पण एकाच तक्त्याला दोन उत्तरे जुळतात. रॉबिन्स बर्लिंग यांनी 1964 मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला होता. शब्द थोडे असले तरी त्यांची तर्कशुद्ध विभागणी अनेक प्रकारे होऊ शकते, मग त्यांतली बोलणाऱ्यांची विभागणी कोणती हे कशावरून ठरवायचे, असा त्यांचा प्रश्न होता.

त्या चार शब्दांकडेच कितीही वेळ पाहत राहिले तरी उत्तर मिळत नाही. मार्ग आहे तो क्षेत्र वाढवण्याचा. या चार व्यक्तींचे जोडीदार घ्या. कन्नडमध्ये वडिलांच्या भावाची बायको दोड्डम्म किंवा चिक्कम्म, म्हणजे मावशीचाच शब्द. आईच्या बहिणीचा नवरा दोड्डप्प किंवा चिक्कप्प, म्हणजे काकाचाच शब्द. आईच्या भावाची बायको अत्ते. वडिलांच्या बहिणीचा नवरा माव. आठ माणसे, आणि वय सोडले तर घरे चारच. येथे ‘बाजू’ हे परिमाण कोसळते, कारण चिक्कम्म वडिलांकडचीही असते आणि आईकडचीही. ‘समांतर की तिर्यक’ हे परिमाण मात्र टिकते. एवढेच म्हणावे लागते की नवरा किंवा बायको आपल्या जोडीदाराच्याच गटात जाते. आते-मामे भावंडांना चुलत-मावस भावंडांपासून वेगळे शब्द असणे, आणि चुलत-मावस भावंडांना सख्ख्या भावंडांचेच अण्ण, तम्म, अक्क, तंगि हे शब्द लागणे, हेही याच परिमाणातून निघते. द्राविड भाषांच्या नातेव्यवस्थेचे हे ओळखचिन्ह मानले जाते.

विद्यार्थिनीची चूक यातून उलगडते. तिने ‘चिक्कम्म’मध्ये बाजू वाचली, आणि त्या शब्दात बाजू नाहीच.

मराठीची दोन हलकी घरे

आता हीच कसोटी मराठीला लावू. काकाची बायको काकू किंवा चुलती. ती मावशी नव्हे. मामाची बायको मामी. ती आत्या नव्हे. म्हणजे येथे बाजू टिकली आणि मराठी हिंदीच्या पंक्तीला बसली. चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ आणि मावसभाऊ हे चार वेगळे शब्दही तेच सांगतात. आठांपैकी सहा घरे अशी पक्की आहेत.

उरली दोन: आत्याचा नवरा आणि मावशीचा नवरा. हिंदीत त्यांना फूफा आणि मौसा हे नेहमीच्या वापरातले शब्द आहेत. मराठीत आतोबा आणि मावसा हे शब्द आहेत खरे, पण ‘तुम्ही घरी काय हाक मारता?’ असे विचारले की उत्तरे डगमगू लागतात. मी दर वर्षी पहिल्या तासाला हा प्रश्न विचारतो. मावशीच्या नवऱ्याला बहुतेक जण ‘काका’ म्हणतात. आत्याच्या नवऱ्याच्या बाबतीत वर्ग दुभंगतो. काही जण ‘काका’च म्हणतात आणि काही ‘मामा’. ‘मामा’ म्हणणारा विद्यार्थी बहुधा इतरांकडे आश्चर्याने पाहतो, कारण दुसरे काही म्हणता येते हेच त्याला माहीत नसते.

या दोन उत्तरांचा अर्थ एक नाही. मावशीचा नवरा काका आणि आत्याचा नवराही काका, असे ज्या घरात आहे तिथे या घरांपुरते बाजू हे परिमाण पुसले गेले आहे. अंकल-आंटमध्ये जे झाले त्याच दिशेचे हे पाऊल आहे. मावशीचा नवरा काका पण आत्याचा नवरा मामा, असे ज्या घरात आहे तिथे वेगळेच काही चालले आहे. तिथे मावशीचा नवरा वडिलांच्या भावासारखा, म्हणजे समांतर. आणि आत्याचा नवरा आईच्या भावासारखा, म्हणजे तिर्यक. हा कन्नडचा नियम आहे. म्हणून मावशीच्या नवऱ्याला काय म्हणता, या प्रश्नाने काहीच ठरत नाही. दोन्ही घरांतून ‘काका’ हेच उत्तर येते. निर्णय आत्याच्या नवऱ्यावर होतो.

एका शब्दावर एवढा भार टाकणे योग्य नाही, म्हणून त्याच दिशेचा दुसरा पुरावा पाहू. सासू आणि सासरा हे मराठीचे उल्लेखाचे शब्द संस्कृतातून आलेले आहेत. पण जुन्या घरांत सून सासऱ्यांना हाक मारी ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’. कन्नडमध्ये तर सासऱ्याला माव आणि सासूला अत्ते हे उल्लेखाचेच शब्द आहेत. म्हणजे तिसऱ्या व्यक्तीशी बोलताना मराठी उत्तरेकडची, आणि समोरासमोर हाक मारताना दक्षिणेकडची. उल्लेखाचे शब्द आणि हाकेचे शब्द एकाच तक्त्यात कोंबले तर हा फरक दिसत नाही. दोन तक्ते वेगळे करावे लागतात.

सुनेच्या जागी उभे राहून या हाका पाहिल्या की त्यांचा सांधा कळतो. सासू आत्या असेल तर नवरा आत्याचा मुलगा होतो, आणि सासरा म्हणजे आत्याचा नवरा. त्याला ‘मामंजी’ म्हणणे हे आत्याच्या नवऱ्याला ‘मामा’ म्हणण्याशी थेट जुळते. नवऱ्याच्या बाजूने पाहिले तर ही त्याच्या मामाची मुलगी. इरावती कर्वे यांनी आपल्या 1953 च्या ग्रंथात भारताच्या नातेव्यवस्थेचे विभाग पाडताना महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या, मध्य विभागात ठेवले. तिथल्या अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालते किंवा पसंत केले जाते, पण आत्याच्या मुलीशी टाळले जाते, हे त्यांनी नोंदवले. आमच्या भागात मामाच्या वा आत्याच्या मुलाला ‘मेहुणा’ म्हणणारी घरेही आहेत. कन्नडमधला त्याचा भाऊबंद ‘मैदुन’ हा शब्दही असाच दोन्ही कामे करतो: आते-मामे भाऊ आणि लग्नाने झालेला नातलग.

येथे एका घाईपासून सावध राहायला हवे. सुनेने सासऱ्यांना मामंजी म्हटले म्हणजे त्या घरात मामे-आते विवाह होत असत, असे सिद्ध होत नाही. असे लग्न कधीही न झालेल्या घरांतही ही हाक रूढ होती. तिथे ती केवळ आदराची रीत होती. नाण्यावर जुन्या राजाचा मुखवटा असावा तसे हे आहे. नाणे चालते, पण राज्य त्या राजाचे आहे असे नव्हे. विश्लेषण एवढेच सांगू शकते की ज्या व्यवस्थेत ही हाक अर्थपूर्ण ठरते ती कशी असावी लागते. ती व्यवस्था कोणत्या काळी, कोणत्या जातीत प्रत्यक्ष होती, हे लग्नांच्या नोंदींवरूनच ठरवावे लागेल.

ही साक्षही आता झपाट्याने पुसली जात आहे. नव्या सुना सासूसासऱ्यांना आई-बाबा म्हणतात, आणि आत्याचा नवरा सगळीकडे काका होत चालला आहे. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही, पण नोंद करून ठेवायची तर आत्ताच केली पाहिजे. ती करताना ‘तुमच्यात काय म्हणतात?’ असे मोघम विचारू नये. माणसाचे नाव घेऊन विचारावे: ‘तुमच्या आत्याच्या यजमानांना तुम्ही काय हाक मारता? दुसऱ्याला त्यांच्याविषयी सांगताना काय म्हणता? आणि तुमची आई त्यांना काय म्हणते?’ पहिल्या दोन प्रश्नांनी हाक आणि उल्लेख वेगळे होतात. तिसऱ्याने खरोखर नात्याचा शब्द आहे की मुलांच्या तोंडून मोठ्यांनी उचललेला, हे कळते.

पुन्हा अनुवादाकडे

विद्यार्थिनीने ‘मावशी’ खोडून ‘काकू’ केले. पहिल्या उल्लेखाला ‘धाकटी काकू’ आणि पुढे नुसते ‘काकू’. वाटणीचे कथानक जागेवर आले. परंतु दोन दिवसांनी ती परत आली आणि म्हणाली, “सर, आता भांडणाचा प्रसंग पडलाय.”

तिचे बरोबर होते. मुळात मुलगा ज्या बाईशी भांडतो तिला तो प्रत्येक वाक्यात ‘अम्म’ हा अवयव असलेल्या शब्दाने हाक मारतो. आई म्हणून बोलवायचे आणि तिच्याकडून नकार घ्यायचा, ही त्या प्रसंगाची बोच होती. ‘काकू’त आई नाही. घटक-विश्लेषणाने शब्द कोणाला लागू होतो हे नेमके सांगितले होते, पण शब्द कशाचा बनला आहे आणि तो तोंडातून काढताना काय ऐकू येते, हे त्याच्या कक्षेत येत नाही. मी तिला सुचवून पाहिले, “काही मराठी घरांत थोरल्या काकूला मोठी आई म्हणतात. त्या धर्तीवर धाकटी आई म्हणता येईल का?” तिने लगेच मान हलवली. धाकटी आई म्हटले की मराठी वाचक सावत्र आई समजेल. गंमत अशी की कन्नडमध्येही सावत्र आईला चिक्कम्म म्हणतात. पण तिथे कथेच्या आरंभी आलेला काकाचा उल्लेख तो संशय फेडून टाकतो.

शेवटी तिने सगळीकडे ‘काकू’ ठेवले आणि भांडणात मुलाच्या तोंडी एक जादा वाक्य घातले: “आईच्या जागी मानलं तुला.” मूळ लेखकाने लिहिले नव्हते ते वाक्य. मी त्याखाली लाल रेघ ओढली नाही.